स्टार मागायचे, पण कधी? गेममधल्या रेटिंगच्या कार्डाची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत. कोड बोलून दाखवता येत नाही, तो मात्र इथे खाली दिलाय.)

आजचा भाग खरं तर गेम बनवणाऱ्यांसाठी आहे, पण नुसतं खेळणाऱ्यांनीही थांबा. ज्या गोष्टीने तुमचं डोकं फिरतं ती नेमकी कुठून येते, हे आज कळेल.

ऑनलाइन कॅरम खेळताय. राणी घेतलीय, कव्हर करायचंय, एकच सोंगटी कोपऱ्याजवळ उभी आहे. स्ट्रायकर लावला, अँगल धरला, बोट मागे ओढलं आणि स्क्रीनवर पाच रिकामे स्टार. ‘गेम आवडतोय ना? रेटिंग द्या!’ तोवर तुमच्या पाळीचं घड्याळ संपतं, समोरचा सोंगटी घेतो आणि राणी परत बोर्डवर. आता तुम्ही किती स्टार द्याल? बहुतेक जण काहीच देत नाहीत, कार्ड बंद करून मोकळे होतात. पण जे देतात, ते त्या क्षणाला देतात, गेमला नाही.

आणि गेम छोटा असेल तर हा क्षण महाग पडतो. साधी बेरीज करू. एका नव्या गेमला ४० जणांनी रेटिंग दिलंय, सरासरी ४.५. म्हणजे एकूण १८० स्टार. आता एका चिडलेल्या माणसाने एक स्टार दिला. १८१ भागिले ४१, सरासरी आली ४.४१. एका माणसामुळे! हाच एक स्टार ४,००० रेटिंग असलेल्या गेमला पडला तर ४.५ चं ४.४९९ होतं, कुणाला कळणारही नाही. त्यात प्ले स्टोअरवरचा आकडा अशी साधी सरासरी नसतो. २०१९ पासून गूगल ताज्या रेटिंगना जास्त वजन देतं. म्हणजे जुनी पुण्याई फार काळ पुरत नाही आणि नवा राग लगेच दिसतो. २०२१ च्या शेवटापासून तर प्ले स्टोअर आपल्याला आपापल्या देशातलं रेटिंग दाखवतं. भारतातले खेळाडू चिडले, तर भारतात गेम शोधणाऱ्यालाच ते दिसणार.

तर प्रश्न असा: विचारायचं तर आहे, कारण न विचारता आनंदी माणूस स्वतःहून स्टोअरवर जाऊन स्टार देत नाही. चिडलेला बरोबर जातो. मग विचारायचं कधी?

कार्ड तुमचं नसतंच

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गेममध्ये जे रेटिंगचं कार्ड दिसतं ते गेमवाल्याने काढलेलं चित्र नसतं, निदान नसावं. ते स्टोअरचं असतं. ॲपलने ही सोय मार्च २०१७ मध्ये iOS 10.3 बरोबर आणली, गूगलने ऑगस्ट २०२० मध्ये. गेम फक्त सिस्टिमला म्हणतो, ‘आता विचारलं तरी चालेल.’ विचारायचं की नाही, हे सिस्टिम ठरवते.

आणि सिस्टिम कंजूष आहे. आयफोनवर एका ॲपसाठी एका माणसाला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त ३ वेळा कार्ड दिसतं. तुम्ही कोडमधून पन्नासदा विनंती करा, कार्ड तीनदाच येईल. माणसाने एकदा रेटिंग दिलं की मग वर्ष उलटल्याशिवाय आणि नवी आवृत्ती आल्याशिवाय परत येतच नाही. गूगल नेमका आकडा सांगत नाही. एवढंच सांगतं की एका महिन्याच्या आत पुन्हा विनंती केली तर कार्ड कदाचित दिसणार नाही, आणि हा हिशोब ते कधीही बदलू शकतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिस्टिम उत्तर सांगत नाही. खेळाडूने पाच स्टार दिले, एक दिला, कार्ड बंद केलं, की कार्ड आलंच नाही, यातलं काहीही गेमला कळत नाही. अँड्रॉइडवर फक्त ‘झालं’ एवढा निरोप येतो. काय झालं, ते नाही.

म्हणजे तुमच्या हातात एकच गोष्ट उरते: वेळ. बाकी कार्डाचा रंग, मजकूर, बटणं, काहीच तुमचं नाही. आणि ती वेळ वर्षातून दोन-तीनदाच वापरायला मिळते. मग ती कॅरमच्या ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये उधळायची का?

एक गेम घेऊन बघू

समजा, आपण असाच एक ऑनलाइन कॅरमचा गेम बनवलाय. मॅच तीन-चार मिनिटांची. जिंकलं की कॉइन्स मिळतात. अधूनमधून पूर्ण स्क्रीनची जाहिरात येते. निकालाच्या पानावर दोन बटणं: ‘पुन्हा खेळा’ आणि ‘मुख्य पान’. आता यात जागा शोधू.

गेम उघडल्या उघडल्या विचारणं ही सगळ्यात सोपी जागा आहे, म्हणून बरेच जण तिथेच विचारतात. कोड लिहायला सोपं: पाचव्यांदा ॲप उघडलं की विनंती कर. पण गेम उघडणारा माणूस काहीतरी करायला आलेला असतो. लोकलमध्ये जागा मिळालीय, दादर यायला दहा मिनिटं आहेत, एक मॅच बसते. तो दारातून आत येतोय आणि तुम्ही उंबऱ्यावरच अभिप्रायाची वही पुढे करताय. हॉटेलात कुणी बसायच्या आधी विचारतं का, जेवण कसं होतं?

मॅचच्या मध्ये विचारणं चूकच, ते आपण पाहिलं. हरल्यावर विचारणंही चूक, त्यावर वेळ घालवत नाही.

मग जिंकल्यावर. इथपर्यंत सगळेच येतात आणि इथेच थांबतात. ‘जिंकल्यावर विचारा’ हा सल्ला सगळीकडे मिळेल. पण जिंकणं हा एक क्षण नसतो, त्याचे सात-आठ सेकंदांचे तुकडे असतात. शेवटची सोंगटी खिशात पडते. आवाज होतो. गुण मोजले जातात. कॉइन्स उडत उडत वर जातात. मग बटणं येतात. यातल्या कुठल्या तुकड्यात कार्ड आणायचं?

सोंगटी पडल्या पडल्या आणलं, तर तुम्ही त्याचा जल्लोष झाकलात. कॉइन्स मोजताना आणलं तर त्याला वाटतं, माझे कॉइन्स मिळाले की नाही? बटणं दिसताच आणलं, तर आणखी एक गंमत होते. खेळणाऱ्याचा अंगठा सवयीने ‘पुन्हा खेळा’कडे निघालेला असतो. अँड्रॉइडवर हे कार्ड खालून वर सरकत येतं आणि बटणंही बहुतेक खालीच असतात. अंगठा टेकतो तो कार्डावर. आता एका चुकार स्पर्शाने रेटिंग जात नाही, स्टार निवडून पुढे पाठवायचं बटणही दाबावं लागतं. पण कार्ड न वाचता बंद केलं जातं, आणि तुमच्या मोजक्या संधींपैकी एक गेली.

माझं मत असं, की निकालाच्या पानावर विचारूच नका. खेळाडू कुठलं बटण दाबतो ते बघा. ‘पुन्हा खेळा’ दाबलं म्हणजे तो म्हणतोय, मला अडवू नका. तो आनंदात आहे, हे खरं आहे, पण त्याचा हात मोकळा नाही. ‘मुख्य पान’ दाबलं म्हणजे त्याने स्वतः विराम घेतलाय. मुख्य पान उघडू द्या. आणि मग दोन सेकंद थांबा. त्या दोन सेकंदांत त्याने कुठेही बोट लावलं, दुकान उघडलं, मित्राला बोलावणं पाठवलं, तर विनंती रद्द. काहीच केलं नाही, नुसता स्क्रीनकडे बघतोय, तर विचारा.

ही दोन सेकंदांची युक्ती माझी नाही. ॲपलने विनंती कशी करावी हे दाखवायला जो नमुना कोड दिलाय, त्यात ती आहे: दोन सेकंद थांबायचं, माणूस त्याच स्क्रीनवर असेल तरच विचारायचं. साधी गोष्ट आहे, पण बरेच गेम एवढंही करत नाहीत.

कुणी म्हणेल, ‘मुख्य पान’ दाबणारा माणूस तर निघाला असेल, स्टेशन आलं असेल. असेलही. मग तो कार्डाकडे न बघता फोन खिशात टाकेल. पण तो चिडणार नाही. काहींचं लक्ष जाणार नाही, हा तोटा मला चालतो. त्यांना राग येणं चालत नाही.

कुठला विजय खरा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण गेमला जो विजय वाटतो तो माणसाला वाटेलच असं नाही.

समोरच्याचं नेट गेलं आणि तुम्ही जिंकलात. गेमच्या नोंदीत ‘विजय’. तुमच्या मनात? उलट चिडचिड, कारण बोर्ड मस्त जमला होता. अशा विजयानंतर विचारायचं नाही. तसंच नव्या खेळाडूला पहिल्या एक-दोन मॅच बऱ्याच गेममध्ये कॉम्प्युटरच्या सोप्या खेळाडूशी देतात, म्हणजे तो हमखास जिंकतो. तो विजय गोड असतो, पण त्या माणसाला गेमबद्दल अजून काहीच माहीत नाही. पहिल्या दिवशी विचारलं तर प्रामाणिक माणूस काय सांगणार? ‘अजून बघतोय.’ पण ‘अजून बघतोय’ असा स्टार नसतो. मग तो तीन देतो.

आणि पैशांचं प्रकरण. कुणी गेममध्ये पैसे खर्च केले म्हणजे तो खूश आहे, आताच विचारू, असा मोह होतो. नका करू. आपल्याकडे यूपीआयने पैसे देताना व्यवहार अधूनमधून ‘पेंडिंग’मध्ये अडकतो. खात्यातून पैसे गेलेत, कॉइन्स आले नाहीत, आणि तेवढ्यात गेम विचारतोय की आम्ही तुम्हाला कसे वाटतो! याचं उत्तर तो स्टारबरोबर शब्दांतही देतो. मी तर खरेदीनंतर पूर्ण एक दिवस गप्प बसायचा नियम ठेवते.

तसंच जाहिरात. मुख्य पानावर येताना पूर्ण स्क्रीनची जाहिरात दाखवली असेल, तर त्या विरामात कार्ड नाही. एका विरामात एकच आगंतुक. जाहिरात बंद करायचा बारीक फुलीचा कोपरा शोधून दमलेल्या माणसाला लगेच दुसरी फुली शोधायला लावू नये.

तर मी या कॅरमसाठी अशा अटी ठेवेन. किमान तीन वेगवेगळ्या दिवशी खेळलेला असावा. किमान दहा मॅच पूर्ण झालेल्या असाव्यात, नेट तुटलेल्या धरायच्या नाहीत. शेवटच्या दोन मॅच खऱ्या अर्थाने जिंकलेल्या असाव्यात. आज गेम बंद पडलेला नसावा, आज नेट तुटलेलं नसावं, गेल्या चोवीस तासांत खरेदी नसावी, आणि या विरामात जाहिरात आलेली नसावी. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. मॅच तीस सेकंदांची असेल तर दहा फार कमी, अर्ध्या तासाची असेल तर फार जास्त. कॅरममध्ये दहा मॅच म्हणजे साधारण अर्धा-पाऊण तास खेळ. एवढ्यात माणसाचं मत तयार होतं.

आता एक खेळाडू घेऊन चालवून बघू. सोमवारी गेम घेतला, कॉम्प्युटरशी दोन मॅच, दोन्ही जिंकल्या. मॅच दोन, दिवस एक. काही विचारायचं नाही. मंगळवारी खेळलाच नाही. बुधवारी चार मॅच, दोन हरला. एकूण सहा, दिवस दोन. गुरुवारी तीन मॅच, त्यातली एक नेट गेल्याने तुटली, ती धरायची नाही. एकूण आठ, दिवस तीन. शनिवारी पहिली हरला, मग लागोपाठ दोन जिंकल्या. एकूण अकरा, दिवस चार, शेवटचे दोन विजय खरे. सगळं जुळलं! ‘मुख्य पान’ दाबलं, आणि जाहिरात आली. राहू दे. आज नाही.

रविवारी पहिली मॅच हरला. दुसरी जिंकली, पण शेवटच्या दोनांत एक हार आहे. तिसरी जिंकली, राणीसकट. आता एकूण चौदा मॅच, पाच दिवस, लागोपाठ दोन विजय, जाहिरात नाही. ‘मुख्य पान’ दाबलं. एक सेकंद, दोन सेकंद, बोट कुठेच नाही. आता विचारा.

गेम घेतल्यापासून सातव्या दिवशी. कुणाला हा उशीर वाटेल. पण या माणसाने सात दिवसांत पाचदा स्वतःहून गेम उघडलाय, हरूनही परत आलाय. त्याला विचारण्यात अर्थ आहे. आणि जे तीन दिवसांच्या आत गेम उडवून टाकतात, त्यांना विचारून काय मिळणार होतं?

कार्ड मागितलं, की ती तारीख नोंदवून ठेवायची, आणि पुढचे १२० दिवस तोंड उघडायचं नाही. ३६५ ला तीनने भागलं तर साधारण तेवढेच येतात. शिवाय मधे नवी आवृत्ती आलेली असावी, म्हणजे विचारायला काहीतरी नवं कारण असतं. खेळाडूने गेम काढून परत टाकला तर ही नोंद पुसली जाईल, पण त्याची फार चिंता नको. आपली वही हरवली तरी स्टोअरची वही शाबूत असते.

कोड एवढासाच आहे. अँड्रॉइडवर, ‘मुख्य पान’ दाबल्यावर वरच्या सगळ्या अटी जुळल्या असतील तरच:

```kotlin
manager.requestReviewFlow().addOnCompleteListener { task ->
    if (task.isSuccessful && homeIsIdle()) {
        manager.launchReviewFlow(activity, task.result)
    }
}
```

इथे `manager` म्हणजे `ReviewManagerFactory.create(context)` ने मिळालेला, आणि `homeIsIdle()` ही आपली तपासणी: दोन सेकंद झाले का, बोट लागलं का. पहिली ओळ स्टोअरकडून कार्डाची तयारी करून घेते, तिला थोडा वेळ लागतो. ही तयारी फार आधी करून ठेवू नका, कारण ती थोडा वेळच टिकते. गेम उघडताना करून ठेवलेली तयारी अर्ध्या तासाने शिळी झालेली असू शकते. काही बिघडलं तर गप्प पुढे जायचं, खेळाडूला एरर दाखवायचा नाही. त्याने काही मागितलंच नव्हतं. आयफोनवर याच जागी `AppStore.requestReview(in: scene)` येतं, अटी त्याच. युनिटीत काम करत असाल तर आयफोनसाठी `Device.RequestStoreReview()` आहे आणि अँड्रॉइडसाठी गूगलचं वेगळं प्लगइन.

‘आवडला का?’ ही वाकडी वाट

आता ती प्रसिद्ध युक्ती. आधी आपलंच एक छोटं पान दाखवायचं: ‘गेम आवडला का?’ हो म्हणणाऱ्याला स्टोअरचं कार्ड, नाही म्हणणाऱ्याला तक्रारीचा फॉर्म. म्हणजे खूश माणसं स्टोअरवर, नाखूश माणसं आपल्या इनबॉक्समध्ये. हुशार वाटतं ना?

गूगलने हे स्पष्ट शब्दांत मना केलंय. कार्डाच्या आधी किंवा कार्ड दाखवताना मत विचारणारा प्रश्न नको, ‘पाच स्टार द्याल का?’ असा तर नकोच. ॲपलच्या नियमावलीतलं कलम ५.६.१ म्हणतं, आम्ही दिलेलीच सोय वापरा, स्वतःची रेटिंगची खिडकी चालणार नाही. आणि रेटिंगच्या बदल्यात कॉइन्स देणं तर दोन्हीकडे बंद.

इथे मला कुणीतरी पकडेल. ‘अगं, तू पण तर जिंकलेल्यांनाच विचारतेस. मग फरक काय?’ प्रश्न रास्त आहे. माझ्या मते फरक असा: मी कधी विचारायचं ते निवडते, उत्तर बघून कुणाला बोलू द्यायचं ते नाही. ज्याला कार्ड दिसलं, त्याला एक स्टार द्यायलाही तोच रस्ता आहे, पाच द्यायलाही तोच. वाकड्या वाटेत नाखूश माणसाला वाटतं की आपण मत नोंदवलं, आणि ते कुठे पोचलेलंच नसतं. पण हेही खरं, की अटी जास्तच घट्ट केल्या, म्हणजे पन्नास मॅच, लागोपाठ आठ विजय, तर वेळ निवडण्याच्या नावाखाली आपण माणसंच गाळतोय. नवशिक्या, कधीमधी खेळणाऱ्या माणसालाही कधीतरी पाळी मिळायला हवी. दोन विजयांची अट मी म्हणूनच दोनवर ठेवलीय. साधारण निम्म्या मॅच जिंकणाऱ्यालाही ती लवकरच जमते.

तक्रारीची जागा मात्र हवीच, आणि ती कायम उघडी हवी. सेटिंग्जमध्ये ‘अडचण कळवा’ असं साधं बटण. ज्याचे कॉइन्स अडकलेत त्याला ते सापडलं तर तो स्टोअरवर जायच्या आधी तिथे लिहील.

त्याच सेटिंग्जमध्ये ‘आम्हाला रेट करा’ असं बटण ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण त्यामागे हे कार्ड लावू नका. खेळाडू बटण दाबेल, सिस्टिम म्हणेल कोटा संपला, आणि काहीच होणार नाही. त्याला वाटेल गेम बिघडलाय. त्या बटणाने सरळ स्टोअरवरचं आपलं पान उघडावं. आयफोनवर त्या लिंकच्या शेवटी `?action=write-review` जोडलं की थेट लिहायची जागा उघडते.

चुकतंय हे कळणार कसं?

सिस्टिम काही सांगत नाही म्हटल्यावर आपणच आजूबाजूला बघायचं. विनंती केली तो क्षण आपल्या नोंदीत टिपून ठेवा: कुठल्या पानावर, कितव्या मॅचनंतर. मग बघा, त्यानंतर पाच-दहा सेकंदांत किती जणांनी गेम बंद केला, आणि तशाच विरामात विनंती न केलेल्यांपैकी किती जणांनी बंद केला. पहिला आकडा बराच जास्त असेल तर तुम्ही माणसांना उठवून लावताय.

दुसरी खूण म्हणजे लिहून आलेले अभिप्राय. कमी स्टारवाले वाचा. त्यात कॅरमबद्दल काही आहे, की ‘सारखं सारखं विचारतात’ असं आहे? दुसरं दिसायला लागलं तर रेटिंग गेममुळे नाही, विचारण्यामुळे पडतंय. कुठल्या आवृत्तीपासून ते सुरू झालं, हे प्ले कन्सोलमध्ये अभिप्रायासोबत बहुतेक वेळा दिसतं. त्या आवृत्तीत विचारायची जागा बदलली होती का, ते तपासा. मात्र आठ-दहा रेटिंगवरून निष्कर्ष काढू नका. सुरुवातीची बेरीज आठवा, एका माणसाने आकडा हलतो.

आणि तपासणी करताना घाबरू नका, कारण इथे हमखास गोंधळ होतो. आयफोनवर तुम्ही स्वतःच्या मशीनवरून गेम चालवता तेव्हा कार्ड दर वेळी येतं, कोटा नाही, फक्त पाठवता येत नाही. टेस्टफ्लाइटवर मित्रांना दिलं की ते कधीच येत नाही. लोक रात्र रात्र कोड शोधत बसतात, काय तुटलं म्हणून. काही तुटलेलं नसतं. अँड्रॉइडवर `FakeReviewManager` आहे, पण तो फक्त पुढचा कोड नीट चालतो का हे दाखवतो, कार्ड काढतच नाही. खरं कार्ड बघायचं तर गेम प्ले स्टोअरच्या अंतर्गत चाचणीतून फोनवर घ्यावा लागतो.

आता शेवटपर्यंत थांबलेल्या खेळाडूंसाठी. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप स्टोअरच्या पानावर जा, तिथे `In-App Ratings & Reviews` असा एक स्विच आहे. तो बंद केला की कुठल्याच ॲपमध्ये हे कार्ड येणार नाही. त्यानंतरही एखादा गेम स्टार मागत राहिला, तर ती खिडकी ॲपलची नाही, त्या गेमवाल्याने स्वतः बनवलेली आहे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या फोनवर कुठल्या गेमने नको त्या वेळी स्टार मागितले, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. शिव्या गाळून पाठवा, म्हणजे पुढच्या भागात वाजवता येतील!